स्क्रीनसमोर दिवस जाणाऱ्यांसाठी 20-20-20 चा नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नियम नेमका काय आहे?

दर 20 मिनिटांनी स्क्रीनवरून नजर काढायची, 20 फूट किंवा त्याहून लांबच्या वस्तूकडे पाहायचं आणि किमान 20 सेकंद तिथेच पाहत राहायचं. अमेरिकेतले ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांनी हा नियम लोकांना लक्षात राहावा म्हणून असा मांडला. तिन्ही ठिकाणी 20 हाच आकडा असण्यामागे सोय अधिक आहे. एखाद्या वेळी 25 मिनिटं झाली किंवा समोरची भिंत 17 फुटांवर असली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्याच कारणांनी, आणि पुढची बरीचशी उत्तरं त्यावरच आहेत.

20 फूटच का? आमच्या ऑफिसात तर समोर चार फुटांवर पार्टिशन आहे.

जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगवावं लागतं. ते काम भिंगाभोवतीचा सिलिअरी स्नायू आकुंचन पावून करतो. त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे किंचित वळवणारे स्नायूही ताणलेले असतात. वजन फार नसलं तरी भाजीची पिशवी तासभर एकाच हातात धरून उभं राहिलं की हात भरून येतो, तसंच या स्नायूंचं होतं.

हा भार मोजायला सोपा आहे. वस्तूचं मीटरमधलं अंतर घ्या आणि 1 ला त्याने भागा. स्क्रीन अर्ध्या मीटरवर असेल तर डोळ्यावर 2 डायॉप्टरचा भार. मोबाइल 33 सेंटीमीटरवर धरला तर 3 डायॉप्टर. 20 फूट म्हणजे 6 मीटर, तिथे हा भार उरतो फक्त 0.17. तिथून पुढे अगदी समुद्राच्या क्षितिजाकडे पाहिलं तरी फारसा फरक पडत नाही, म्हणून 20 फुटांची रेघ.

यातूनच तुमच्या अडचणीचं उत्तर निघतं. 10 फुटांवर भार साधारण 0.33 असतो. म्हणजे 2 वरून 0.33 वर आलात, तर बहुतेक सगळा ताण उतरलाच. 10–12 फुटांचा पल्ला मिळत असेल तर तोही वापरा, पण चार फुटांवरच्या पार्टिशनकडे पाहून 20 सेकंद मोजण्यात अर्थ नाही. तिथे अजून 0.8 डायॉप्टरचा भार शिल्लक असतो.

अंतराचा अंदाज लागत नसेल तर जमिनीकडे पाहा. बऱ्याच ऑफिसांत 2 बाय 2 फुटांच्या टाइल्स असतात. दहा टाइल्स मोजल्या की 20 फूट झाले. एकदा मोजून त्या टप्प्यावरची एखादी वस्तू ठरवून टाका : अग्निशामक सिलिंडर, बाहेर जाण्याच्या दारावरची पाटी, पँट्रीच्या दाराची चौकट. बारीक अक्षरं असलेली वस्तू उत्तम, कारण ती स्पष्ट दिसते की नाही हे लगेच कळतं. रिकाम्या पांढऱ्या भिंतीवर नजर ठरत नाही आणि डोळा पुन्हा जवळच्या अंतरावर फोकस करू लागतो.

खिडकी असेल तर प्रश्नच मिटला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पुरेशी लांब असते. घरून काम करणाऱ्यांची खोली बहुधा 10 बाय 12 ची असते, पण खिडकीबाहेर समोरची सोसायटी 20 फुटांपलीकडे असतेच.

खिडकी नाही, केबिन लहान, असं असेल तर समोरच्या भिंतीवर आरसा लावा आणि त्यात तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. डोळ्यासाठी अंतर धरायचं ते तुमच्यापासून आरशापर्यंतचं अधिक आरशापासून कॅलेंडरपर्यंतचं. आरसा 6 फुटांवर आणि तिथून मागची भिंत 10 फुटांवर असेल, तर डोळा 16 फुटांवरचं पाहतो. फक्त आरशाच्या काचेकडे किंवा स्वतःच्या चेहऱ्याकडे न पाहता मागच्या कॅलेंडरकडे पाहायचं.

त्या 20 सेकंदांत नुसतं बघायचं की आणखी काही करायचं?

पापण्या लववायच्या, आणि त्या पूर्ण मिटायच्या. नियमाचा हा भाग बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाही. माझ्या मते लांब पाहण्याइतकंच याला महत्त्व आहे, आणि एसीत बसणाऱ्यांच्या बाबतीत तर जास्तच.

गप्पा मारताना माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या लववतो. स्क्रीनवर एकाग्र झालं की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. शिवाय लवणाऱ्या पापण्यांपैकी बऱ्याच अर्ध्याच मिटतात. वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही, त्यामुळे बुबुळाचा खालचा पट्टा कोरडा पडत जातो.

डोळ्यावरचा अश्रूंचा थर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यावर तेलाचा एक अगदी पातळ पदर असतो आणि तो पाणी उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या मेबोमियन ग्रंथींतून येतं आणि पापणी पूर्ण मिटून उघडली की डोळ्यावर पसरतं. अर्धवट उघडझाप झाली तर ते पसरत नाही, पाणी लवकर सुकतं आणि डोळा चुरचुरतो.

म्हणून 20 सेकंदांची विभागणी अशी करा. नजर लांबच्या वस्तूवर गेली की आधी दोन-तीन सेकंद ती स्पष्ट होऊ द्या. मग पापण्या हळूच मिटा, अर्धा-एक सेकंद मिटलेल्या ठेवा, उघडा. असं सावकाश पाच-सहा वेळा करा. गच्च आवळू नका, झोपताना मिटतो तशा मिटा. उरलेल्या वेळात सहज लांब पाहत राहा. डोळे चोळायचे नाहीत.

ब्रेक म्हणून मोबाइल पाहिला तर चालेल का?

नाही. मोबाइल स्क्रीनपेक्षा जवळ असतो, त्यामुळे ब्रेकमध्ये डोळ्यावरचा भार वाढतो.

मग डोळे मिटून बसलो तर?

चालेल. कोरडेपणाला त्याचा चांगला उपयोग होतो. फोकस करणाऱ्या स्नायूला मात्र लांबचं स्पष्ट पाहूनच नीट मोकळीक मिळते. म्हणून मिटलेले डोळे उघडल्यावर आधी लांब पाहा, मग स्क्रीनकडे वळा.

हा नियम प्रयोगांनी सिद्ध झालाय का?

काही प्रमाणात, आणि त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगणकावर काम करणाऱ्यांना दोन आठवडे आठवण देणारं सॉफ्टवेअर वापरायला दिलं. त्यांचा डोळ्यांचा ताण आणि कोरडेपणाच्या तक्रारी कमी झाल्या, पण आठवण बंद केल्यावर आठवड्याभरात तो फायदा टिकला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकांना 40 मिनिटं वाचायला देऊन मध्ये 20-20 सेकंदांचे ब्रेक दिले होते. तिथे तक्रारींत लक्षणीय फरक दिसला नाही.

या दोन्हींवरून व्यवहारात घेण्यासारखं एवढंच, की 20 सेकंद ही खालची मर्यादा आहे. ती पाळूनही ताण येत असेल तर ब्रेक लांबवा. दर दोन तासांनी 10–15 मिनिटं स्क्रीन पूर्ण सोडा : जेवायला जा, जिने उतरा, फोनवरचं बोलणं चालता चालता उरका. आणि ही सवय रोजची हवी. सोमवारी पाळून पुढे आठवडाभर विसरलात तर फायदा उरत नाही.

दर 20 मिनिटांनी आठवण कशी राहायची? कामात मान वर करायला वेळ नसतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकू देत नाहीत, म्हणून मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाजणारा इंटरव्हल टायमर 20 मिनिटांवर लावा, फक्त व्हायब्रेशनवर. मोबाइल मात्र पालथा ठेवा, नाहीतर तो बंद करायला हातात घ्याल आणि त्यातच गुंताल. हातावर स्मार्ट घड्याळ असेल तर ते यासाठी जास्त सोयीचं.

अलार्मचा कंटाळा येतो, आठवड्याभरात लोक तो न पाहताच बंद करतात. जास्त टिकतं ते कामाला जोडलेलं निमित्त. मेल पाठवली की नजर वर. फाइल सेव्ह केली की नजर वर. अहवाल उघडायला सिस्टीम वेळ घेते तेव्हा फिरत्या गोलाकडे टक लावून बसण्याऐवजी दाराकडे पाहा. व्हिडिओ मीटिंगमध्ये दुसरं कुणी बोलत असेल तर कॅमेऱ्याच्या वरून लांब पाहिलं तरी कुणाला खटकत नाही.

नियम पाळते, तरी चार वाजले की डोळे चुरचुरतात आणि पाणी येतं. असं का?

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ, कारण अशा तक्रारीत बहुधा दोन-तीन कारणं एकात एक मिसळलेली असतात आणि ती सुटी केल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

समजा, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करणाऱ्या 44 वर्षांच्या एक बाई आहेत. लांबचा चष्मा उणे 1.50, तीन वर्षांपूर्वीचा. समोर लॅपटॉप, उजवीकडे उंच स्टँडवर मोठा मॉनिटर, दिवसभर एक्सेल. दुपारनंतर डोळे चुरचुरतात, पाणी येतं, मान अवघडते आणि संध्याकाळी वांद्रे स्टेशनवर इंडिकेटरची अक्षरं क्षणभर पुसट दिसतात.

आधी पाण्याचं पाहू. पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे नाहीत, हा समज चुकीचा आहे. बुबुळ सुकलं की ते टोचू लागतं आणि त्यावर उतारा म्हणून अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. त्या पाण्यात तेलाचा वाटा कमी असतो, म्हणून ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा सुकतो. तपासायची साधी रीत अशी : स्वतःच्या जागेवर बसून दोनदा पापण्या पूर्ण लववायच्या, मग डोळे सहज उघडे ठेवून सेकंद मोजायचे. 10 सेकंदांच्या आत आग होऊ लागली किंवा अक्षरं धूसर झाली आणि पापणी लववताच पुन्हा स्वच्छ दिसलं, तर दोष कोरडेपणाचा. ही चाचणी ढोबळ आहे, पण दिशा दाखवते.

मग कोरडेपणा कुठून येतो? टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापून बसल्या जागी डोळ्यांच्या उंचीवर धरा. ती हलत असेल तर एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येतोय. पावसाळ्यात बाहेर हवा कितीही दमट असली तरी हा झोत डोळे सुकवतोच. देखभालवाल्यांना सांगून एसीच्या पट्ट्या वळवून घ्या, नाहीतर खुर्ची दोन फूट सरकवा, आणि पट्टी धरून पुन्हा खात्री करा.

दुसरं कारण स्टँडवरचा उंच मॉनिटर. वर पाहताना पापण्या जास्त उघडाव्या लागतात, डोळ्याचा मोठा भाग हवेला उघडा पडतो आणि अश्रू लवकर उडतात. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, म्हणजे मधला भाग पाहताना नजर आपोआप खाली राहते. मॉनिटर हाताच्या अंतरावर, 50 ते 70 सेंटीमीटरवर ठेवा. ज्या स्क्रीनवर जास्त काम, ती नाकासमोर. बाईंच्या मानेचं दुखणं उजवीकडे वळून बसण्यात आहे, त्याला डोळ्यांचे ड्रॉप्स काय करणार?

आता इंडिकेटर. तिथे पापणी लववूनही अक्षरं स्वच्छ होत नाहीत, दोन-चार सेकंदांनी आपोआप होतात. म्हणजे कोरडेपणा नव्हे, दिवसभर जवळ रोखलेला फोकस सुटायला वेळ लागतोय. त्यातून वय 44, म्हणजे चाळिशी लागलेली. भिंग पूर्वीइतकं फुगत नाही, त्यामुळे लांबच्या चष्म्यातून जवळचं पाहणं जड जातं. याचा पुरावा बाईंना जागेवरच मिळू शकतो. चष्मा काढून स्क्रीन पाहायची. उणे 1.50 चा नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण 67 सेंटीमीटरपर्यंतचं विनासायास दिसतं. स्क्रीन 60 सेंटीमीटरवर असेल आणि चष्मा काढल्यावर एकदम हलकं वाटत असेल, तर स्क्रीनसाठी वेगळा नंबर लागण्याची वेळ आली आहे.

नंबर काढायला जाताना टेपने दोन अंतरं मोजून न्यायची : डोळ्यापासून स्क्रीन आणि डोळ्यापासून टेबलावरचे कागद. नुसतं "कॉम्प्युटरवर काम आहे" म्हटलं की बऱ्याचदा 33–40 सेंटीमीटरवर वाचायचा नंबर दिला जातो आणि 60 वरची स्क्रीन धूसर राहते. एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतलात आणि स्क्रीन पाहायला हनुवटी वर करावी लागत असेल, तर मॉनिटर खाली घ्या किंवा फक्त स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. शक्यतो सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जा. थकलेल्या डोळ्यांचा फोकस जवळ अडकलेला असतो आणि विशेषतः तरुणांत खरा नसलेला जास्तीचा उणे नंबर निघू शकतो.

निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का?

ताणासाठी त्यावर पैसे घालू नका. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2023 मधल्या आढाव्यात 17 प्रयोग एकत्र पाहिले गेले आणि साध्या काचांच्या तुलनेत अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं बहुधा दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यापेक्षा स्क्रीनचा उजेड जुळवा. स्क्रीनवर कोरं पान उघडून शेजारी पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी झळकत असेल तर ब्राइटनेस कमी करा, करडी दिसत असेल तर वाढवा. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा तुमच्या पाठीमागे नको, बाजूला हवी.

केमिस्टकडून कोणते ड्रॉप्स आणू? गुलाबपाणी चालेल?

कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज 0.5 टक्के असलेले अश्रूंसारखे साधे ड्रॉप्स सहसा सुरक्षित असतात. एका वेळी एकच थेंब टाका, दुसरा बाहेरच ओघळतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेल्यानेही डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास होतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, बहुतेक बाटल्या महिन्याभरानंतर टाकून द्यायच्या असतात.

लाली घालवणारे ड्रॉप्स रोज नकोत, ते सोडल्यावर लाली उलट वाढते. स्टेरॉइड असलेले ड्रॉप्स तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कधीच नाहीत. कुणाच्या घरी उरलेली बाटली असेल आणि तिने "लगेच बरं वाटतं", तर जास्तच सावध व्हा. अशा ड्रॉप्सनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि नजर जाईपर्यंत काही दुखतही नाही. गुलाबपाणी निर्जंतुक नसतं, ते डोळ्यात घालू नका.

पापण्यांच्या कडा चिकट वाटत असतील तर रात्री गरम पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. निवला की पुन्हा गरम करा. मनगटाला सोसवेल इतकाच गरम हवा. साचलेलं तेल पातळ होऊन मोकळं होतं.

लोकलमध्ये येता-जाता तास-दीड तास मोबाइल पाहतो. तोही धरायचा का?

धरायचाच, आणि तोच जास्त जड. गर्दीत मोबाइल चेहऱ्याजवळ येतो, त्यात डबा हलत असल्याने डोळा सारखा फोकस जुळवत राहतो. उलट डोळ्यांना आराम द्यायला लोकलसारखी जागा नाही. डबा साधारण 12 फूट रुंद असतो, म्हणून समोरच्या बाकाकडे न पाहता डब्याच्या लांबीने टोकाकडे किंवा खिडकीबाहेर पाहा. परतीच्या प्रवासातली निदान पहिली 20 मिनिटं अशी काढा. ऐकण्यासारखं काही असेल तर खुशाल ऐका.

स्क्रीनमुळे डोळे कायमचे खराब होतात का?

मोठ्या माणसांत या ताणाने डोळ्याला कायमची इजा होते असा पुरावा नाही. चुरचुर, जडपणा, डोकेदुखी हे बहुधा विश्रांतीने उतरतं. रविवारभर स्क्रीन न पाहताही उतरलं नाही, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

मांडणी आणि सवय सुधारून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, लांबचं स्पष्ट व्हायला रोज वेळ लागू लागला, किंवा एका डोळ्याने कमी दिसतंय असं वाटलं, तर नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. चाळिशीनंतर नंबरासोबत डोळ्याचा दाब आणि पडदाही पाहून घ्या. जे. जे., केईएम, सायन आणि नायर या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

काही लक्षणांत मात्र त्याच दिवशी जायचं : अचानक चमका दिसणं, काळे ठिपके एकदम वाढणं, नजरेसमोर पडदा सरकल्यासारखं वाटणं, एकाएकी दोन-दोन दिसणं, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसून डोळा जोरात दुखणं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा डोळा लाल होऊन दुखत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर लेन्स लगेच काढा, डबीसकट सोबत न्या आणि तपासणी होईपर्यंत चष्मा वापरा.